एका गाडीची एक रेघ

गाडी घ्यायची ठरली की आमच्या घरी आधी तक्ता तयार होतो. किंमत, इंजिन, वजन, डिकी, सर्व्हिसिंगचा खर्च असे रकाने मी भरत बसतो आणि मामा मागून वाकून बघत म्हणतात, "ते सगळं राहू दे रे, ॲव्हरेज किती देते तेवढं सांग." मामांना एकच आकडा हवा असतो, मला सगळे हवे असतात. सहा गाड्या आणि सात रकाने झाले की बेचाळीस आकडे समोर येतात. मग दोघांचीही पंचाईत होते. आकडे सगळे असतात, पण जी गाडी स्वस्त आहे ती नेमकी कशात मार खाते, हे दिसत नाही. ते बोट फिरवून शोधावं लागतं.

मग चित्र का काढू नये? अडचण अशी की शाळेत शिकलेल्या आलेखात दोनच अक्ष असतात, एक आडवा आणि एक उभा. वजन आणि ॲव्हरेज एवढंच बघायचं असेल तर प्रत्येक गाडीचा एक ठिपका काढून काम भागतं. तिसऱ्या गुणासाठी कागदावर खोलीचा आभास निर्माण करता येतो. चौथ्या गुणाला मात्र जागाच उरत नाही, कारण एकमेकांशी काटकोन करणाऱ्या तीनच दिशा आपल्या वाट्याला आल्या आहेत.

यावरचा तोडगा ऐकायला अगदी साधा आहे. काटकोनाचा हट्ट सोडायचा आणि सगळे अक्ष खांबांसारखे शेजारी शेजारी उभे करायचे. पहिल्या खांबावर वजन, दुसऱ्यावर ॲव्हरेज, तिसऱ्यावर किंमत, असे हवे तितके खांब. मग एका गाडीसाठी प्रत्येक खांबावर तिच्या आकड्याच्या उंचीला खूण करायची आणि त्या खुणा रेघेने जोडत जायचं. ठिपका संपला. आता एक गाडी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक वाकडीतिकडी रेघ. इंग्रजीत याला पॅरलल कोऑर्डिनेट्स प्लॉट म्हणतात, आपण समांतर अक्षांचा आलेख म्हणू.

मोरिस दोकान्य या फ्रेंच गणितज्ञाने १८८५ साली समांतर अक्षांवर पुस्तक लिहिलं, पण त्याचा रोख भूमितीकडे होता. बाजारातल्या वस्तूंची तुलना त्याच्या डोक्यात नव्हती. १९५९मध्ये इलिनॉय विद्यापीठात शिकत असताना आल्फ्रेड इन्सेलबर्ग यांना हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली आणि पुढे त्यांनी तिच्यावर आयुष्य वेचलं. विमानांची हवेत टक्कर होऊ नये म्हणून त्यांचे मार्ग तपासायलाही त्यांनी ती वापरली. प्रत्येक विमानाला तीन दिशा आणि चौथी वेळ, म्हणजे पुन्हा चार अक्ष आलेच.

हा आलेख समजून घ्यायला एक जुनी यादी फार चांगली आहे. १९८३ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने आपल्या सभासदांपुढे एक आव्हान ठेवलं : ही ४०६ मोटारींची माहिती घ्या आणि तिच्यातून काय दिसतं ते चित्रांनी दाखवा. १९७० ते १९८२ या काळातल्या अमेरिकी, युरोपीय आणि जपानी मोटारी, आणि प्रत्येकीचं इंजिन, हॉर्सपॉवर, वजन, ॲव्हरेज वगैरे. १९७३च्या तेलटंचाईने अमेरिकेतल्या गाड्यांची घडी विस्कटली तो हा काळ. आलेख काढायला शिकणारी मंडळी आजही याच यादीवर हात साफ करतात. मूळ आकडे मैल, गॅलन आणि पौंडांत आहेत, ते मी आपल्या मापांत आणले आहेत.

यादीतल्या चारच गाड्या घेऊ. १९७०ची पॉन्टिॲक कॅटालिना ही खास अमेरिकी धूड : सुमारे ७,४५५ सीसीचं इंजिन, २२५ हॉर्सपॉवर, दोन टन वजन आणि लिटरला सहा किलोमीटर. त्याच वर्षीची फोक्सवॅगन ११३१ डिलक्स : १,५९० सीसी, ४६ हॉर्सपॉवर, ८३२ किलो, लिटरला अकरा. टोयोटा कोरोना मार्क टू : १,८५० सीसी, ९५ हॉर्सपॉवर, १,०७६ किलो, लिटरला दहा. आणि १९७२ची माझ्दा आरएक्स-२ : जवळपास १,१५० सीसी, ९७ हॉर्सपॉवर, १,०५७ किलो, लिटरला आठ.

आता खांब उभे करू. सीसी, किलो आणि हॉर्सपॉवर एका पट्टीवर मोजता येत नाहीत, म्हणून प्रत्येक खांबाची पट्टी वेगळी. सगळ्या ४०६ गाड्यांत जो सर्वांत लहान आकडा असेल तो खांबाच्या तळाला, सर्वांत मोठा तो टोकाला. तळ म्हणजे शून्य आणि टोक म्हणजे शंभर धरलं, तर इंजिनाच्या खांबावर कॅटालिना शंभरावर बसते. हॉर्सपॉवरला ती ९७वर असते, वजनाला ८०वर, आणि मग ॲव्हरेजच्या खांबावर एकदम १३पर्यंत कोसळते. फोक्सवॅगनची रेघ उलटी जाते. इंजिनाला ती ७वर, हॉर्सपॉवरला थेट शून्यावर, कारण यादीत ४६पेक्षा कमी कोणाचीच नाही. वजनाला ६वर, आणि ॲव्हरेजला चढून ४५वर. या दोन रेघा वजन आणि ॲव्हरेज यांच्या मधल्या जागेत एकमेकींना छेदतात. त्या फुलीत पहिला धडा आहे. दोन शेजारच्या खांबांमध्ये रेघा फुल्या मारत असतील, तर एक गुण वाढला की दुसरा घटतो. त्या साधारण समांतर जात असतील तर दोन्ही गुण बरोबरीने वाढतात. घटण्याचं नातं तंतोतंत सरळ असलं, तर सगळ्या रेघा अधल्यामधल्या एकाच बिंदूतून जातात, गाठ मारल्यासारख्या.

आता कोरोना आणि माझ्दा बघा. दोघींचं वजन आणि ताकद जवळपास सारखी, त्यामुळे हॉर्सपॉवर आणि वजनाच्या खांबांमध्ये त्यांच्या रेघा एकमेकींना चिकटून जातात. पण इंजिनाच्या खांबावर कोरोना १२वर आहे आणि माझ्दा अगदी तळाला, एकाच्याही आत. तिथून माझ्दाची रेघ हॉर्सपॉवरच्या खांबावर २८वर चढते, कोरोना २७वर. बाकीच्या बहुतेक गाड्यांच्या रेघा या दोन खांबांमध्ये आडव्याच जातात, कारण मोठं इंजिन म्हणजे जास्त ताकद. माझ्दा मात्र पायरी चढल्यासारखी वर येते आणि पुढे ॲव्हरेजला कोरोनाच्या ४०पुढे २७वर घसरते. कारण तिच्या बॉनेटखाली आहे. या गाडीत रोटरी इंजिन होतं. त्यात पिस्टन वरखाली होत नाहीत, तिकोनी रोटर गोल फिरतात. छोट्या आकारात भरपूर ताकद, पण पेट्रोल पिण्यात सढळ. यादीत तिच्यापुढे 'तीन सिलिंडर' असं लिहिलंय, खरं तर रोटरी इंजिनाला सिलिंडर नसतातच. रकाना भरायचा म्हणून कोणीतरी भरला असावा. तक्त्यात ही गंमत चार आकड्यांत विखुरलेली राहते, पण रेघेच्या वळणात ती डोळ्यांत भरते.

या आलेखाचं बळ हे असं आहे. तो बिघडतो कसा, हे मात्र चार गाड्यांवर कळत नाही. ४०६ काढल्या की कळतं.

मी त्या सगळ्या काढल्या तेव्हा मामांनी चष्मा वर करून विचारलं, "हे काय जाळं विणलंयस?" प्रश्न रास्त होता. पण मला वाटतं, दोष नुसत्या संख्येचा नव्हता. मी सिलिंडरचा खांब मध्ये उभा केला होता, वजन आणि ॲव्हरेजच्या अधेमधे. सिलिंडर म्हणजे तीन, चार, पाच, सहा किंवा आठ, त्यामुळे त्या खांबावर पाचच जागा आहेत. ४०६पैकी २०७ गाड्या चार सिलिंडरच्या आहेत. म्हणजे वजनाच्या खांबावरून २०७ रेघा येतात, एका बिंदूत शिरतात आणि पलीकडे २०७ रेघा बाहेर पडतात. दादरच्या पुलावर गर्दी चढते आणि पलीकडे उतरते, त्यातला कोण कुठून आला हे उतरणीवरून सांगता येत नाही, तसंच. आत आलेली कोणतीही रेघ बाहेर पडलेल्या कोणत्याही रेघेची असू शकते. शक्यता मोजल्या तर २०७ गुणिले २०७, म्हणजे ४२,८४९. इतके दिवस जी रेघ गाडीची ओळख होती, तिची ओळख त्या बिंदूत पुसली गेली.

म्हणून माझी एक घरगुती कसोटी आहे. कोणत्याही एका रेघेवर बोट ठेवायचं आणि पहिल्या खांबापासून शेवटच्यापर्यंत चालत जायचं. मध्येच 'आता डावीकडची की उजवीकडची?' असा प्रश्न पडला, तर एकेक वस्तू पाहण्यासाठी तो आलेख गेला. वस्तूंच्या तुलनेत ही अडचण हमखास येते. मोबाइल असेल तर रॅमचे चार-पाचच आकडे असतात, फ्रिजला चांदण्या पाचच, वॉरंटी एक, दोन नाहीतर पाच वर्षं. हो-नाही असं उत्तर असलेला गुण तर दोनच बिंदूंचा खांब होतो. अशा खांबांना मध्ये जागा देऊ नये. अगदी एका कडेला ठेवावं, किंवा खांबच काढून टाकून तो गुण रेघेच्या रंगाने दाखवावा. चार सिलिंडरला निळा, आठला तांबडा असं केलं की सिलिंडरची माहिती राहते आणि रेघाही तुटत नाहीत.

रंगाचीही एक खोड आहे. रेघा एकावर एक काढल्या जातात आणि शेवटी काढलेल्या सर्वांत वर दिसतात. यादी देशवार लावलेली असेल आणि ७९ जपानी गाड्या शेवटी आल्या, तर २५४ अमेरिकी गाड्यांवर त्यांचा रंग पसरतो आणि आलेख जपानी गाड्यांनी भरलेला भासतो. ओळींचा क्रम उलटा करून पुन्हा काढावा. चित्र बदललं, तर पहिल्या चित्रावर विश्वास ठेवू नये.

गर्दीवर सगळेच सुचवतात तो उपाय म्हणजे रेघा फिकट करणं. प्रत्येक रेघेला दहा टक्केच शाई द्यायची, म्हणजे जिथे गर्दी तिथे आपोआप गडद होईल. हा उपाय चांगला आहे, पण तोही थकतो. दहा रेघा एकावर एक आल्या की काळेपणा ६५ टक्के होतो, चाळीस आल्या की ९८ टक्क्यांच्या पुढे. त्यानंतर चाळीस रेघा आणि चारशे रेघा डोळ्याला सारख्याच काळ्या. शाई आणखी कमी केली तर गर्दी कळते, पण माझ्दासारखी एकटी रेघ कागदातून नाहीशी होते. आणि आपल्याला हवी असते नेमकी तीच.

डोळाही फसवतो. एकाच उभ्या रुंदीचा रेघांचा जुडगा आडवा गेला तर जाड दिसतो आणि साठ अंशांच्या उताराने गेला तर निम्म्या रुंदीचा दिसतो. शाई तेवढीच असल्यामुळे तिरक्या जुडग्यात गाड्यांची जास्त दाटी आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो नुसता उतार असतो. मोजायचं ते खांबावर, दोन खांबांमधल्या रिकाम्या जागेत नाही. तिथे कुठलीच माहिती नसते.

पट्टीचा घोटाळा तर पहिल्याच प्रयत्नात होतो. पायथॉनमध्ये pandas नावाचं साधन फार वापरलं जातं, आणि त्यातलं parallel_coordinates हे फंक्शन सगळ्या खांबांना एकच पट्टी लावतं. या यादीत वजन ५,१४० पौंडांपर्यंत जातं आणि ताशी ६० मैलांचा वेग गाठायला लागणारे सेकंद ८ ते २४.८. वीस सेंटिमीटर उंचीच्या आलेखात सेकंदांच्या खांबाच्या वाट्याला एक मिलिमीटरसुद्धा येत नाही. सगळ्या रेघा वजनाच्या खांबावर पंख्यासारख्या उघडतात आणि बाकी सगळीकडे तळाशी मिटून पडतात. असा आलेख दिसला की आकडे आधी शून्य ते शंभरच्या पट्टीवर आणले नव्हते, हे ओळखावं.

पण शून्य ते शंभरही निर्दोष नाही, आणि खरेदी करणाऱ्याला हा भाग जास्त जपायला हवा. समजा तीन फ्रिज आहेत आणि वर्षाला २१८, २२० आणि २२१ युनिट वीज खातात. या तिघांतलाच सर्वांत लहान आकडा तळाला आणि सर्वांत मोठा टोकाला बसवला, तर एक फ्रिज तळाशी आणि एक शेंड्यावर दिसेल. फरक वर्षाला तीन युनिटचा. शेजारच्या खांबावर किमतीतला पंधरा हजारांचा फरकही तेवढ्याच उंचीचा दिसेल. आलेखाच्या लेखी दोन्ही डोंगर सारखेच. म्हणून खांबाच्या दोन्ही टोकांना खरे आकडे लिहिलेले नसतील, तर तो आलेख मी वाचतच नाही. उलटंही होतं. एका किमतीत चुकून एक शून्य जास्त पडलं की खांब तेवढा ताणला जातो आणि बाकीच्या सगळ्या वस्तू तळाच्या बोटभर जागेत कोंबल्या जातात.

रिकाम्या रकान्याचंही तसंच. या यादीत आठ गाड्यांचं ॲव्हरेज नोंदलेलं नाही. साधनाने रिकाम्या जागी शून्य धरलं, तर आठ रेघा एकाच बिंदूवर कोसळतात आणि लिटरला शून्य किलोमीटर देणाऱ्या गाड्या जन्माला येतात.

खांबांचा क्रम हा वेगळाच विषय आहे. नातं दिसतं ते फक्त शेजारच्या दोन खांबांचं. इंजिन पहिलं आणि ॲव्हरेज सातवं असेल, तर त्यांचं एकमेकांशी काय आहे ते कळायला मार्ग नाही. सात खांब लावण्याच्या २,५२० तऱ्हा आहेत, उलटसुलट एकच धरून. पण घाबरायचं कारण नाही. नीट निवडलेल्या चार तऱ्हांत प्रत्येक खांब प्रत्येकाच्या शेजारी एकदा तरी येऊन जातो. संगणकाच्या पडद्यावर तर खांब धरून इकडून तिकडे नेता येतो. छापलेल्या कागदावर मात्र क्रम ज्याने ठरवला त्याने निष्कर्षही निम्मा ठरवलेला असतो.

दिशाही तशीच. ॲव्हरेज जास्त तेवढं बरं, वेग गाठायचे सेकंद कमी तेवढे बरे. किंमत कमी असावी, डिकी मोठी असावी. ज्यांना खरेदी करायची आहे त्यांच्यासाठी 'वर म्हणजे चांगलं' असे सगळे खांब फिरवून घ्यावेत. मग फुलीचा अर्थ बदलतो. आता ती फुली म्हणजे तडजोड : इथे मिळवायचं असेल तर तिथे सोडावं लागेल. एखादी रेघ सगळ्या खांबांवर सगळ्यांच्या वर राहिली तर आलेखाची गरजच नाही, ती वस्तू घेऊन मोकळं व्हावं. इंजिनाच्या सीसीसारखा गुण चांगला की वाईट हे सांगता येत नाही. तो खरेदीच्या आलेखातून मी काढूनच टाकतो.

किती रेघांपर्यंत आलेख वाचता येतो? माझ्या अनुभवाने सांगायचं तर कागदावर दहाबारा वस्तू आणि सहासात खांब, त्यातही प्रत्येक खांबावर आकडे पसरलेले असतील तरच. याच्या पुढे एकेक वस्तू दिसत नाही, फार तर थवे दिसतात. थवेही दिसेनासे झाले की ठिपक्यांचे साधे आलेख दोन-दोन गुणांनी शेजारी मांडावेत.

पडद्यावर मात्र एक सोय आहे आणि खरं सांगायचं तर हा आलेख तिच्यासाठीच बनला आहे. एखाद्या खांबाचा तुकडा माउसने खाली-वर ओढून निवडायचा. त्या तुकड्यातून जाणाऱ्या रेघा रंगीत राहतात, बाकीच्या फिक्या होतात. याला ब्रश करणं म्हणतात. मामांना शेजारी बसवून मी तेच केलं. त्यांच्या लाडक्या ॲव्हरेजच्या खांबावर लिटरला पंधरा किलोमीटरच्या वरचा तुकडा निवडला. जाळं एका झटक्यात विरळ झालं. उरलेल्या रेघा जवळपास सगळ्या चार सिलिंडरच्या निळ्या, इंजिनाला तळाशी, हॉर्सपॉवरला तळाशी, वजनाला तळाशी. लहान, हलकी, अशक्त गाडी जास्त पळते, यात नवल काही नाही.

"त्या दोन का वर गेल्यात?" मामांनी पडद्यावर बोट टेकवलं. वजनाच्या खांबावर दोन रेघा बाकीच्या घोळक्यापासून सुटून वर उभ्या होत्या. माउस नेला तर एक १९८०ची ऑडी ५०००, लिटरला साडेपंधरा किलोमीटर, पाच सिलिंडर, १,३४० किलोंच्या आसपास. दुसरी १९८२ची ओल्ड्समोबिल कटलास सिएरा, सोळाच्या वर, सहा सिलिंडर, १,३७० किलोंच्या घरात. एवढ्या जड गाड्या त्या हलक्या गाड्यांच्या पंगतीत बसल्या कशा, हे आलेखातल्या एकाही खांबावर लिहिलेलं नव्हतं. इंजिन, हॉर्सपॉवर, वर्ष, देश, सगळं बघून झालं. मग मी गाडीच्या नावाचा रकाना उघडला. दोन्ही नावांच्या शेवटी एकच शब्द होता.

"डिझेल," मामा म्हणाले. "मग त्याचा खांब कुठाय?"